बाबा एक सेकंद उशिरा बोलले

तुमच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत यंदा किमान चार फिल्म्समध्ये व्हिडिओ कॉलचा सीन असणार, यावर माझी पैज. कारण सोपं आहे. लोकेशनचं भाडं नाही, प्रवासखर्च नाही, दोन माणसं, दोन खोल्या, झालं काम. आणि त्यातल्या तीन फिल्म्समध्ये तो सीन बघताना तुम्हाला आतून काहीतरी खटकेल. नेमकं काय ते सांगता येणार नाही, पण 'हे खरं नाहीये' असं डोक्यात कुठेतरी वाजत राहील.

आमच्या फिल्मच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. गोष्ट अगदी छोटी. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बाबा गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एका रात्री ती लॅपटॉपवरून कॉल लावते आणि सांगते, 'बाबा, मी वर्ष ड्रॉप घेतेय.' बाबा म्हणतात, 'बरं, घे.' पुढची सगळी फिल्म या 'बरं, घे'वर उभी. पहिला कट मित्रमंडळींना दाखवला. फिल्म संपली, दिवे लागले आणि एक जण म्हणाला, 'भारी आहे रे, पण ते दोघं कॉलवर आहेत असं वाटतच नाही. दोघं न्यूज वाचतायत असं वाटतं.'

झोंबलं, पण त्याचं बरोबर होतं. आम्ही कॉलेजचा चांगला कॅमेरा आणला होता, सॉफ्टबॉक्स लावला होता, मागची भिंत सुंदर ब्लर केली होती आणि कलाकारांना थेट लेन्समध्ये बघायला लावलं होतं. एडिटिंगला मी बसलो होतो. वर मी 'ग्लिच' नावाचा इफेक्ट टाकला होता, लाल-निळ्या रेघा, खरखर वगैरे. आता तुम्हीच आठवून बघा, तुमच्या आयुष्यात व्हिडिओ कॉलवर कधी लाल-निळ्या रेघा आल्यात? त्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या आठवणी. आम्ही सगळं पुन्हा शूट करायचं ठरवलं.

सुरुवात उजेडापासून. हॉस्टेलच्या खोलीत रात्री काय असतं? छताजवळ एक ट्यूब आणि फिकट रंगाच्या भिंती. ट्यूबचा प्रकाश भिंतींवरून, छतावरून उसळून सगळीकडून सारखाच येतो. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत असं काही होत नाही. सगळं सपाट. फक्त डोळ्यांखाली थोडी काळजी साचल्यासारखी सावली, कारण मूळ उजेड वरून आहे. दुसरा दिवा म्हणजे खुद्द लॅपटॉपचा पडदा. तो समोरून, किंचित खालून, निळसर येतो. सॉफ्टबॉक्स आम्ही गुंडाळून ठेवला आणि या दोनच दिव्यांवर सीन केला. एक गंमत तेव्हा कळली. मुलीनं कॉलच्या खिडकीवरून कॉलेजच्या वेबसाइटच्या पांढऱ्या पानावर उडी मारली की तिचा चेहरा एकदम उजळतो. परत आली की मावळतो. समोरचा माणूस काही न बोलताही ओळखतो की ही आता दुसरंच काहीतरी बघतेय. हे आम्ही स्क्रिप्टमध्ये लिहिलं नव्हतं, पण फिल्ममध्ये ठेवलं.

दुसरं, चांगला कॅमेरा परत केला आणि लॅपटॉपचाच वेबकॅम वापरला. चांगल्या कॅमेऱ्याचं फुटेज नंतर 'बिघडवून' वेबकॅमसारखं करता येईल, असं पुष्कळ जणांना वाटतं. थोडंफार जमतंही, पण वेबकॅम फक्त धूसर नसतो, तो सतत काहीतरी करत असतो. त्याचा सेन्सर नखाहून लहान. उजेड कमी पडला की तो प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेम्सच्या १५ होतात आणि हात हलवला की हाताचा फराटा उमटतो. अंधारातले दाणे पुसायला तो चित्र इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत करतो, म्हणून रात्रीच्या कॉलवर सगळ्यांची कातडी मेणाची दिसते. पांढरा शर्ट घातलेला माणूस मागून गेला की तो सगळ्या चित्राचा उजेड एकदम कमी करतो आणि मग शहाणा होऊन परत वाढवतो. हे सगळं नंतर हातानं करत बसण्यापेक्षा वेबकॅमलाच करू द्यावं. तो फुकट करतो.

एक गोष्ट मात्र तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि काही स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये हा आकडा ६० असेल तर चित्रावरून काळपट पट्टे वरून खाली सरकत राहतात. तो ५० केला की जातात. आमचा एक अख्खा टेक या पट्ट्यांपायी गेला. थोडे पट्टे कॉलमध्ये शोभतातही, पण आमचे इतके होते की बाबांच्या घरावरून ट्रेन जातेय असं वाटत होतं.

आता नजर. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

व्हिडिओ कॉलवर माणूस लेन्समध्ये बघत नाही. तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि तो चेहरा असतो पडद्यावर, लेन्सच्या खाली. लॅपटॉपपासून अर्ध्या मीटरवर बसलात आणि समोरच्याचा चेहरा लेन्सच्या दहा सेंटीमीटर खाली असला, तर तुमची नजर साधारण ११ अंशांनी खाली झुकलेली दिसते. म्हणजे तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघता तेव्हा त्याला वाटतं, तुम्ही त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघताय. आणि तुम्ही मुद्दाम लेन्समध्ये बघितलंत तर त्याला वाटतं डोळ्यांत बघताय, पण त्या क्षणी तुम्हाला त्याचा चेहरा नीट दिसतच नाही. दोघांनी एकाच वेळी एकमेकांच्या डोळ्यांत बघणं या यंत्रावर शक्यच नाही. दुःखीच प्रकार आहे, पण सीनसाठी सोनं.

यावर मिल्टन चेन नावाच्या संशोधकाचं २००२ सालचं काम आहे. त्याला असं दिसलं की नजर डावी-उजवीकडे किंवा वर सरकली की आपल्याला लगेच कळतं, पण खाली सरकली तर आपण बरंच चालवून घेतो. म्हणून खिडकी वर, लेन्सच्या अगदी खाली असेल तर नजर जवळपास जुळल्यासारखी वाटते आणि बाजूच्या कोपऱ्यात असेल तर माणूस टाळतोय असं वाटतं. आमच्या सीनमध्ये मुलीच्या लॅपटॉपवर बाबांची खिडकी आम्ही आधी वर मधोमध ठेवली. ड्रॉपचं वाक्य बोलायच्या आधी ती खिडकी उचलून खाली उजव्या कोपऱ्यात सरकवते, जणू नोट्स उघडायच्यात. तिथून पुढे ती बाबांकडेच बघत असली तरी बाबांना ती तोंड चुकवताना दिसते.

तिसरी नजर स्वतःकडे. कोपऱ्यातल्या चौकोनात आपण स्वतः दिसतो आणि तिकडे डोळे जातातच. केस नीट केले जातात, मान सरळ होते. नटांना 'आता स्वतःकडे बघ' असं सांगितलं की ते मोजून बघतात आणि नाटकी होतं. त्यापेक्षा रेकॉर्डिंग चालू असताना स्वतःचं चित्र खरंच पडद्यावर असू द्या, बाकी ते आपोआप करतात. आणि हो, हे स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं असतं. समोरच्याला मात्र सुलटं दिसतं. मुलीच्या टी-शर्टवर कॉलेजचं नाव असेल तर तिच्या स्वतःच्या चौकोनात ते उलटं वाचायला हवं आणि बाबांच्या पडद्यावर सरळ. प्रेक्षकांतल्या कुणीतरी हे पकडतंच.

एवढं करूनही सीन जिवंत होईना. शेवटचा राक्षस उरला होता, उशीर.

गप्पा मारताना आपण एकमेकांना किती पटकन उत्तर देतो याचा दहा भाषांमधला अभ्यास २००९ साली झाला होता. एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास जातात. डोळ्याची पापणी लवते तेवढंच. आता मध्ये नेट आलं. आवाज आणि चित्र बारीक पुड्यांत बांधून पाठवलं जातं, पुड्या मागेपुढे पोचतात आणि बोलणं अडखळू नये म्हणून समोरचं ॲप थोडा साठा हाताशी ठेवून मगच ऐकवतं. नेट जितकं लहरी, तितका साठा मोठा, तितका उशीर जास्त. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संभाषणं निर्धास्त चालतात. गावाकडच्या हॉटस्पॉटवर तो ४०० सहज होतो.

हिशेब करून बघू. एका बाजूचा उशीर ०.४ सेकंद धरा. मुलीचं वाक्य संपलं. ते बाबांना ०.४ सेकंदांनी ऐकू आलं. बाबांनी नेहमीसारखं ०.२ सेकंदांत उत्तर दिलं. ते मुलीकडे यायला पुन्हा ०.४. एकूण एक सेकंद. म्हणजे बाबा क्षणाचाही विचार न करता बोलले आणि मुलीला मात्र पूर्ण एक सेकंदाची शांतता ऐकू आली. 'बाबा, मी वर्ष ड्रॉप घेतेय' या वाक्यानंतरचा एक सेकंद किती लांब असतो, हे ज्यानं घरी असं काही सांगितलंय त्यालाच विचारा. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं होतं की असा उशीर झाला की लोक दोष नेटला देत नाहीत, समोरच्या माणसाला देतात. त्याचं लक्ष नाही असं वाटायला लागतं.

इथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमची गोष्टच ही होती की! फक्त तो उशीर सीनमध्ये आणायचा कसा?

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो. एडिटिंगमध्ये बाबांची क्लिप एक सेकंद पुढे सरकवायची. करून बघितलं. पहिलं उत्तर छान उशिरा आलं, पण पुढच्याच ओळीला मुलगी बाबांचं वाक्य संपायच्या आधी बोलायला लागली. साहजिक आहे. तिनं शूटिंगच्या वेळी उशीर नसताना उत्तर दिलं होतं, तिची क्लिप होती तिथेच राहिली. मग तिच्या बाजूला जागा वाढवायची तर तिची क्लिप मध्ये कापावी लागते आणि कॉलच्या सीनमध्ये दोन्ही खिडक्या सतत समोर असतात, कापलेलं लपवायला जागाच नाही. चेहरा टुणकन उडी मारतो. थोडक्यात, उशीर नंतर घालता येत नाही. तो शूटिंगच्या वेळी दोघांच्या मध्ये खरोखरच असावा लागतो.

मग आम्ही असं केलं. एकाच फ्लॅटच्या दोन टोकांच्या खोल्यांत दोघांना बसवलं. बाबांचं काम एकाच्या काकांनी केलं, ते खरोखरच निवृत्त शिक्षक आहेत. प्रत्येकाचा लॅपटॉप आपापल्या वेबकॅमनं फक्त आपापल्या माणसाला रेकॉर्ड करत होता. आवाजासाठी दोघांकडे वेगळे फोन, वायफाय बंद, मोबाइल डेटावर इंटरनेट कॉल, कानात इअरफोन. काकांना मुद्दाम आतल्या खोलीत बसवलं होतं, जिथे नेटवर्कची एकच कांडी येते. कॉलच्या खिडकीच्या जागी पडद्यावर समोरच्या नटाचा स्थिर फोटो लावला, म्हणजे नजर बरोबर जागी राहते.

उशीर किती आहे हे मोजायची युक्ती मात्र मला अजून आवडते. सुरुवातीला मुलीचा फोन स्पीकरवर ठेवला आणि दारं उघडी ठेवून काकांना मोठ्यानं 'हॅलो' म्हणायला लावलं. मुलीच्या लॅपटॉपवर तो हॅलो दोनदा रेकॉर्ड झाला, एकदा दारातून थेट आणि एकदा फोनमधून उशिरा. दोघांमधलं अंतर एडिटिंगमध्ये मोजलं, १२ फ्रेम्स. सेकंदाला ३० फ्रेम्स धरल्या की ०.४ सेकंद. तोच थेट ऐकू आलेला हॅलो दोन्ही लॅपटॉपवर असल्यानं क्लिप्स एकमेकींशी जुळवायलाही उपयोगी पडला. टाळी वाजवू नका, आवाज स्वच्छ करणारी ॲप्स टाळीला गोंगाट समजून गिळून टाकतात.

क्लिप्स जुळवल्यावर काम फक्त एवढंच उरलं. मुलीचा पडदा दाखवायचा असेल तर बाबांची क्लिप, चित्र आणि आवाज दोन्ही, १२ फ्रेम्स मागे ढकलायची. बाबांचा पडदा दाखवायचा असेल तर मुलीची ढकलायची. एकदा ढकलली की पाच मिनिटांचं अख्खं संभाषण आपोआप जागेवर बसतं, कारण दोघांनीही तो उशीर खरोखर ऐकून उत्तरं दिलेली असतात. आधी जुळवताना एक काळजी घ्या. वेबकॅमचं फुटेज बऱ्याचदा कमी-जास्त फ्रेम रेटनं रेकॉर्ड होतं आणि दोन मिनिटांनंतर ओठ आणि आवाज वेगळ्या दिशांना निघतात. म्हणून दोन्ही क्लिप्स आधी पक्क्या ३० फ्रेम्सवर बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

खऱ्या उशिरानं अजून एक गोष्ट दिली, जी कुणी लिहून दिली नसती. दोघं एकाच वेळी बोलायला लागले. 'अगं तू...' 'बाबा मी...' दोघंही थांबले. 'बोल बोल.' 'नाही, तुम्ही बोला.' आणि पुन्हा दोघं एकदम सुरू. एकानं तोंड उघडलं आहे हे दुसऱ्याला ०.४ सेकंद कळतच नाही, मग हे होणारच. रिहर्सलमध्ये हे हसू आणत होतं, सीनमध्ये पोटात कालवलं.

फ्रीजबद्दल थोडंसं. खरा कॉल अडकतो तेव्हा बहुतेकदा आधी चित्र थांबतं, आवाज चालू राहतो, कारण ॲप्स आवाजाला आधी वाट देतात. चित्र थांबतं तेही कधी चांगल्या पोजमध्ये नाही, डोळे अर्धे मिटलेले असतानाच. परत येताना चित्र आधी चौकोन चौकोन, धूसर येतं आणि एखाद-दोन सेकंदांत स्वच्छ होतं. आवाज तुटला असेल तर परत आल्यावर क्षणभर घाईघाईत येतो, राहिलेलं भरून काढायला. आम्ही संपूर्ण फिल्ममध्ये एकच फ्रीज ठेवला. ग्लिच इफेक्ट डिलीट केला, हे वेगळं सांगायला नको.

या प्रकारात मुरलेली माणसं बघायची असतील तर महेश नारायणन यांचा २०२० सालचा मल्याळम 'सी यू सून' बघा, आयफोनवर शूट झालेला, फहाद फासिल, रोशन मॅथ्यू आणि दर्शना राजेंद्रन. कथा एकदा बघून झाली की दुसऱ्यांदा फक्त डोळे कुठे जातात ते बघा. अनीश चगंटीचा २०१८ सालचा 'सर्चिंग' मिळाला तर तोही. त्यात माउसचा बाण कुठे थबकतो, लिहिलेलं काय खोडलं जातं, यावरून माणूस कळतो.

आमचा दुसरा कट त्याच मित्रमंडळींना दाखवला. अख्खा कॉल मुलीच्या पडद्यावरून. ती वाक्य बोलते, बाबांचा चेहरा सपाट उजेडात नुसता तिच्या शर्टाकडे बघत राहतो, एक सेकंद, मग 'बरं, घे.' खोलीत कुणीतरी हळूच म्हणालं, 'बाबा चिडले.' फिल्मच्या शेवटी तोच कॉल पुन्हा येतो, या वेळी बाबांच्या पडद्यावरून. तोच टेक, तेच दोघं, फक्त दुसरी क्लिप १२ फ्रेम्स ढकललेली. मुलीचं वाक्य संपतं न संपतं तोच बाबा म्हणतात, 'बरं, घे.' आणि मग एक सेकंद तेच तिच्या चेहऱ्याकडे बघत वाट बघतात, ती काही बोलते का म्हणून.

काका पहिल्यांदाच पूर्ण फिल्म बघत होते. संपल्यावर म्हणाले, 'अरे, मी दोन्ही वेळा लगेचच बोललो होतो ना?'